तात्पुरते संरक्षण कायमचे का होते?

नव्या उद्योगाला तात्पुरते संरक्षण द्यावे म्हणतात, पण ते नंतर काढून का घेता येत नाही?

नवा कारखाना उत्पादन करता करता शिकतो आणि त्याचा खर्च घटतो, म्हणून तोवर आयात शुल्काचा आडोसा द्यावा, असा हा युक्तिवाद आहे. मात्र त्या काळात ग्राहकांनी सोसलेला भुर्दंड पुढील लाभातून भरून निघाला पाहिजे, ही अट बहुधा विसरली जाते.

मलेशियाने 1983 मध्ये प्रोटॉन ही मोटार कंपनी स्थापन केली. आग्नेय आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारानुसार आयात शुल्ककपातीची वेळ आली, तेव्हा मोटारींसाठी ती 2005 पर्यंत लांबवण्यात आली. नंतर आयात शुल्क उतरले, पण उत्पादन शुल्क चढले आणि त्यात देशी कंपन्यांना सवलत मिळाली, म्हणजे संरक्षणाने केवळ नाव बदलले. तोपर्यंत कामगार, सुट्या भागांचे पुरवठादार आणि सत्ताधारी यांचे हितसंबंध कंपनीत गुंतले होते, तर महाग गाडीचा बोजा असंघटित ग्राहकांत विखुरलेला होता. शिवाय खर्च घटला नाही तर मुदत वाढते, हे कंपनीला ठाऊक असल्यास शिकण्याची निकड तरी कशी वाटणार? अखेर 2017 मध्ये प्रोटॉनचे 49.9 टक्के समभाग चीनच्या गीली कंपनीने घेतले.