‘नेहमीच बोलतो’ नको, त्या दिवशी काय बोलला ते लिही

“ताई, आमच्या टीममधला एक सीनियर सहकारी गेले सहा-सात महिने मला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलतो. अक्कल काढतो, माझ्या बोलण्याची नक्कल करतो, कधी शिवी पण देतो. शेवटी एचआरकडे गेले तर त्यांनी विचारलं, नक्की काय म्हणाला, कधी, कोण होतं तिथे? आणि मला काही धड सांगताच आलं नाही, ‘नेहमीच बोलतो’ एवढंच बोलले आणि रडायला आलं. आता म्हणतात लिहून आणा. काय लिहू, कसं लिहू? आणि फोनवर गुपचूप रेकॉर्ड करू का?”

अगं, तिथे तुला सांगता आलं नाही यात तुझं काही चुकलेलं नाही. १९६७ साली जॅकलीन सॅक्स नावाच्या एका संशोधिकेने प्रयोग केला होता, लोकांना एक उतारा ऐकवायचा, मग त्यातलंच एक वाक्य परत ऐकवून विचारायचं की अगदी हेच होतं का. वाक्य नुकतंच ऐकलेलं असेल तर शब्द बदललेले लोकांना कळायचे, पण मध्ये अर्ध्या मिनिटाच्या आसपास दुसरं काही ऐकलं की कळेनासे व्हायचे, अर्थ बदलला असेल तेवढा मात्र बरोबर पकडायचे. म्हणजे अर्थ राहतो आणि शब्द जातात. अपमानाचा एखादा शब्द जास्त टिकतो हे खरं, पण सहा-सात महिन्यांत इतके प्रसंग झाले की कुठलं वाक्य कुठल्या दिवसाचं ते सगळं एकमेकांत मिसळून जातं, आणि नेमकं तेच तुला विचारलं गेलं.

मी स्वतः काही वर्षं अशा तक्रारी ऐकणाऱ्या कमिटीत बसलेय, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय होतं ते सांगते. समोरच्याने ‘तो मला टाकून बोलतो’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, पण त्याला पुढे काही करता येत नाही, कारण त्या माणसाला बोलावून विचारायचं काय? तो म्हणणार मी तर मस्करी करतो, सगळ्यांशीच करतो. पण अमुक दिवशी अमुक मीटिंगमध्ये हे वाक्य बोललास का, असं विचारलं की त्याला हो किंवा नाही यातलं एक सांगावं लागतं, आणि तिथे बसलेल्या बाकीच्यांनाही तेच विचारता येतं.

म्हणून एका प्रसंगाची एक नोंद, त्याच दिवशी, शक्यतो ऑफिसमधून निघायच्या आधी, दहा मिनिटं लागतात. आता बघ, एक नोंद अशी असते, ‘आज परत सगळ्यांसमोर अपमान केला, खूप त्रास झाला, हा माणूस माझ्यावर जळतो.’ यात एकही गोष्ट तपासता येत नाही. तीच नोंद अशी लिहून बघ:

“मंगळवार, ११ मार्च २०२५, दुपारी साधारण ३:१०. दुसऱ्या मजल्यावरची मीटिंग रूम, आठवड्याची रिव्ह्यू मीटिंग. टेबलाशी आम्ही सहाजण (नावं). मी मागच्या महिन्याचे आकडे दाखवत होते, एका आकड्यावर अडखळले. तो म्हणाला, ‘हिला शाळेत परत पाठवा रे, बेरीज येत नाही आणि पगार घेते.’ मग माझ्या आवाजात ‘अं अं, एक मिनिट हं’ अशी नक्कल केली. दोघं हसले. मी म्हणाले, ‘असं बोलू नका.’ तो म्हणाला, ‘रडणार का आता?’ टीम लीड म्हणाले, ‘चला पुढे.’ उरलेल्या तीन स्लाइड मी दाखवल्या नाहीत. ४ वाजता द्यायचा रिपोर्ट अजून पाठवता आलेला नाही. लिहिलं त्याच दिवशी संध्याकाळी ६:१५ ला.”

हे वाचताना आपण त्या खोलीत बसलोय असं वाटतं ना? आणि यात तू कुठेही ‘छळ’ हा शब्द वापरलेला नाहीस, गरजच पडली नाही.

शब्दांबद्दल एक महत्त्वाचं. तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, जसंच्या तसं, अवतरण चिन्हात लिही. शिवी असेल तर पूर्ण लिही, मधली अक्षरं गाळून फुल्या टाकू नकोस, मला माहितीये लिहिताना हात अडतो, पण ‘घाण बोलला’ यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तोही म्हणू शकतो की मी तर फक्त ‘मूर्ख’ म्हणालो होतो. आणि जिथे नक्की आठवत नाही तिथे अवतरण चिन्ह टाकू नकोस, सरळ लिही, ‘साधारण असं म्हणाला की...’ ही एवढी कबुली तुझी बाकीची वाक्यं पक्की करते. तू उलट काही बोलली असशील, आवाज चढवला असशील, तेही लिही. तू लपवलंस आणि त्याने सांगितलं तर मग तुझ्या सगळ्याच नोंदींकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात.

तो असं का बोलतो, जळतो की अजून काही, ते या वहीत नको. मनातलं लिहायला वेगळी वही कर, तीही हवीच, पण ही वही उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार आहे हे धरूनच लिही.

आता मागच्या महिन्यांचं काय, तर तेही लिहायचं, पण आत्ता आठवून लिहितेय हे वर स्पष्ट टाकायचं, ‘आठवणीतून लिहिलेलं, आजची तारीख अमुक’. तारीख अंदाजाने ठोकून देऊ नकोस. कॅलेंडरवरचे मीटिंगचे इन्व्हाइट बघ, त्या दिवसाचे मेल बघ, मैत्रिणीला तेव्हा ‘आज परत तेच झालं’ असा मेसेज केला असशील तो शोध, त्यावरून बऱ्याच तारखा सापडतात. नाही सापडली तर ‘जानेवारीचा दुसरा आठवडा, क्लायंटच्या प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी’ एवढं पुरतं. मी एक केस बघितलीये, बाईंची तक्रार खरी होती याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, पण सात तारखांपैकी एका तारखेला तो माणूस रजेवर होता असं रेकॉर्डवर निघालं, आणि पुढचा सगळा वेळ त्या एका तारखेवरच गेला. त्या बाई नंतर म्हणाल्या, मला वाटलं तारीख नसेल तर कुणी विश्वासच ठेवणार नाही.

आणि उलटंही बघितलंय. एकीच्या वहीत कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘प्रिंटर बंद होता म्हणून पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.’ पलीकडच्या टेबलावरच्या मुलाला बोलावलं तर तोही म्हणाला, हो, तेव्हा प्रिंटर बंद पडला होता, मी तोच बघत होतो आणि मला ऐकू आलं. एवढ्याशा ओळीने काम झालं. म्हणून साक्षीदारांच्या नावाबरोबर ते कुठे बसले होते, त्यांनी ऐकलं की नुसतं तुझं तोंड उतरलेलं नंतर बघितलं, हे वेगवेगळं लिही. जो नंतर भेटला आणि ज्याला तू त्याच दिवशी सांगितलंस, तोही उपयोगाचा असतो, फक्त त्याने ‘ऐकलं’ असं लिहू नकोस. जे हसले त्यांचीही नावं टाक, तेही तिथे होतेच. पण साक्षीदारांकडे सह्या मागत फिरू नकोस, ‘तो असं म्हणाला ना, तू पण सांग हं’ असं तर अजिबात करू नकोस, कारण मग त्यांचं बोलणं तू पढवलेलं ठरतं. फार तर विचार, ‘त्या दिवशी तू काय ऐकलंस?’ आणि तो म्हणाला मला यात पाडू नको, तर तिथेच सोडून दे, नोंदीत तो हजर होता एवढं राहू दे.

कामावर काय परिणाम झाला हा भाग बहुतेक जण एका ओळीत उरकतात, आणि तिथेच तक्रार कच्ची राहते. ‘कामात लक्ष लागत नाही’ हे खरंच असतं, पण दिसेल असं लिही. कुठलं काम किती उशिरा गेलं, कुठल्या मीटिंगमध्ये बोलायचं टाळलं, त्याच्याकडून मंजुरी घ्यावी लागते म्हणून कुठली फाइल दोन दिवस अडकली, रजा कधी टाकली, झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडे कधी गेलीस. ज्या चुका तुझ्या एरवीच्याच आहेत त्या यात घुसडू नकोस हं, तुझं जुनं काम काढून कुणीही ताडून बघू शकतं.

ठेवायचं कुठे? ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, उद्या लॉगिन बंद झालं की सगळं गेलं. साधी बांधीव वही घे, पानं फाडायची नाहीत, खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला तारीख टाकून सुधार. रोजच्या पानाचा फोटो स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठव, म्हणजे कधी लिहिलं त्याची वेळ आपोआप राहते. चॅटवर काही बोलला तर स्क्रीनशॉट काढताना नाव, तारीख आणि आधीचे दोन-चार मेसेजही दिसू देत, तुझे स्वतःचे पण. फक्त कंपनीच्या गोपनीय फाइली पुरावा म्हणून बाहेर पाठवू नकोस, त्यावरून तुझ्यावरच कारवाई होऊ शकते.

गुपचूप रेकॉर्डिंगचं म्हणशील तर आत्ता थांब. काही ठिकाणी त्याला कायद्याची परवानगी आहे, काही ठिकाणी तो गुन्हा आहे, शिवाय कंपनीचे स्वतःचे नियम असतात, तेव्हा आधी एखाद्या वकिलाला विचार. तक्रार करायला मुदत किती आहे तेही त्यांनाच विचार, कारण बऱ्याच ठिकाणी ती असते आणि वही भरण्याच्या नादात ती निघून जाते. आणि त्याने मारायची धमकी दिली, अंगावर आला, तर नोंदी साठवत बसू नकोस, त्याच दिवशी सांग. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या ठिकाणच्या हिंसेची आणि छळाची जी व्याख्या आहे, तिच्यात एकदाच घडलेली घटनाही धरलेली आहे आणि वारंवार घडणारीही, म्हणजे पुरेशा वेळा झालंय का हे मोजत बसायची गरज नाही.

एचआरला पूर्ण वही देऊ नकोस. त्यातले सगळ्यात पक्के चार-पाच प्रसंग तारखेच्या क्रमाने दीड-दोन पानांत उतरव, शेवटी तुला काय हवंय ते सरळ लिही, म्हणजे त्याच्याकडे रिपोर्ट करायला लागू नये, मीटिंगला तिसरं कुणी असावं, जे असेल ते, आणि ‘बाकीच्या नोंदी मागितल्यास दाखवीन’ एवढं टाक. हे मेलनेच पाठव, हातात दिलंस तरी मागून मेल कर, आणि मिळालं असं उत्तर त्यांच्याकडून माग. त्यांनी तोंडी काही सांगितलं तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल, ‘आज आपलं असं असं बोलणं झालं, काही चुकलं असेल तर कळवा.’ मागच्या भेटीचाही असा मेल अजून करता येईल, त्यांनी लिहून आणा म्हटलं ती तारीख त्यात आली पाहिजे.