डोळे मिटते, पण शेपटी आपटते

प्रश्न: नाशिकरोडला घरी नवीन मांजर आणली आहे. माझ्याकडे बघून डोळे हळू मिटते, पण पाठीवरून हात फिरवला की शेपटी आपटते. तिला मी आवडतो की नाही?

उत्तर: तुमची भीती तिला वाटत नाही, पण एवढा स्पर्श अजून नकोय. ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात, अनोळखी माणसाने आधी डोळे हळू मिटले तर मांजरं त्याच्या हाताकडे यायला जास्त तयार दिसली. तुम्हीही तसंच करा, मग बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरून थांबा. शेपटी उभी ठेवून आली तर गालाला, हनुवटीला खाजवा. कान बाजूला वळू लागले की तिथेच हात काढा. ते डोक्याला चिकटले तर पंजा बसू शकतो. एकच डोळा सतत बारीक किंवा पाणावलेला असेल तर मात्र पशुवैद्याला दाखवा, तो दुखत असू शकतो.