टॉवेलला सॉफ्टनर: कधी घालायचं, कधी अजिबात नाही

प्रश्न: «आम्ही इंदूरला राहतो, बोरिंगचं पाणी आहे. टॉवेल कडक होतात म्हणून दर वेळी सॉफ्टनर घालते. आता ते मऊ आहेत, पण अंग पुसलं तरी पाणी टिपत नाहीत. मुलाच्या क्रिकेटच्या जर्सीला तर धुऊनही वास येतो. सॉफ्टनर बंद करू का?»

हो, टॉवेल आणि जर्सीसाठी आजपासूनच बंद करा. पण नुसतं बंद केलंत तर टॉवेल पुन्हा कडक होतील, म्हणून आधी कारण सांगतो. मी पीथमपूरला कापडाच्या फिनिशिंग खात्यात काम करतो. सॉफ्टनर हे आमचं रोजचंच काम.

सॉफ्टनरच्या रेणूचं एक टोक धनभारित असतं आणि दुसरं तेलकट. ओल्या सुती धाग्यावर थोडा ऋणभार असतो, त्यामुळे धनभारित टोक तिथे चिकटतं आणि तेलकट शेपूट बाहेर राहतं. धागे एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून हाताला मऊ लागतं. पण तोच तेलकट थर पाण्याला आत शिरू देत नाही. टॉवेल पाणी टिपतो तो त्याच्या अंगावरच्या धाग्याच्या बारीक वेटोळ्यांमुळे, म्हणजे फंद्यांमुळे, आणि दर धुण्याला हा थर थोडा थोडा साचत गेला की फंदे असूनही उपयोग होत नाही. कोरा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी टिपत नाही तोही याच कारणाने: गिरणीत त्याला सॉफ्टनर दिलेलं असतं.

तुमच्या टॉवेलचा कडकपणा मात्र वेगळा आहे. नर्मदेच्या नळाच्या मानाने बोरिंगचं पाणी सहसा जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार धाग्यात बसतात, आणि साबणाची वडी वापरत असाल तर साबणाचा न विरघळणारा साकाही. त्यावर सॉफ्टनर घातलं की क्षार तसेच राहतात, वरून फक्त थर चढतो.

कोरड्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो पाचेक सेकंदांत जिरला तर टॉवेल ठीक आहे. मोत्यासारखा वर उभा राहिला तर थर साचलाय.

माझ्या वहिनीच्या टॉवेलवर हेच झालं होतं. लोकमान्यनगरच्या घरी तेच पाणी आणि तीच सवय. चार टॉवेल मशीनमध्ये एकटेच टाकले, बाकी कपडे नकोत. ६० अंशांवर, जड पाण्यासाठी पाकिटावर लिहिलेली पूर्ण मात्रा डिटर्जंट आणि दोन चमचे धुण्याचा सोडा. गरम पाणी आणि डिटर्जंट दोन्ही लागतात, कारण डिटर्जंटचा ऋणभार सॉफ्टनरला ओढून काढतो. नंतर एक जादा खळखळणी. अशा दोन धुण्यांनंतर थेंब जिरू लागला. मग शेवटच्या खळखळणीत एक लहान चमचा लिंबूसत्व अर्धा कप पाण्यात विरघळवून सॉफ्टनरच्याच कप्प्यात घातलं. त्याने उरलेला सोडा आणि बरेचसे क्षार निघतात. सोडा आणि लिंबूसत्व एकाच पाण्यात घालू नका, दोघं एकमेकांना निकामी करतात. लिंबूसत्वाबरोबर ब्लीच तर कधीच नको, विषारी वायू सुटतो. गडद रंगाचा टॉवेल असेल तर आधी कोपऱ्यावर बघा, गरम पाण्यात रंग सुटू शकतो.

त्यानंतर ती टॉवेल नळाचं पाणी येईल त्या दिवशीच धुते. वाळत घालण्यापूर्वी जोरात झटकते आणि वाळले की हाताने एकदा चोळते. सावलीत, वाऱ्यावर वाळलेला टॉवेल मे महिन्याच्या गच्चीवरच्या टॉवेलपेक्षा नक्कीच मऊ राहतो. सॉफ्टनरइतका गुळगुळीत होणार नाही, तेवढं मान्य करावं लागेल.

जर्सीचं गणित थोडं निराळं. पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही. घाम धाग्यांमधल्या बारीक फटींतून पसरतो आणि उडतो, आणि त्यासाठी कंपनी कापडाला पाणी ओढणारं फिनिश देते. सॉफ्टनर त्यावर बसलं की घाम जागच्या जागी राहतो, अंगाचं तेल धाग्यात अडकतं आणि वास तिथेच मुरतो. जर्सी उलटी करून, अर्धा तास डिटर्जंटच्या कोमट पाण्यात भिजवून धुवा. ६० अंश इथे नको. दोन-तीन धुण्यांत फरक पडेल. फिनिशच झिजून गेलं असेल तर मात्र ते परत येत नाही.

बाटली फेकू नका. इंदूरच्या कोरड्या डिसेंबर-जानेवारीत ॲक्रिलिकचा स्वेटर काढताना तडतडतो, सिंथेटिक साडी परकराला चिकटते, तिथे सॉफ्टनर खरंच कामाचं आहे, कारण तो थर हवेतला ओलावा धरून स्थिर वीज साचू देत नाही. सुती शर्टांना इस्त्रीही सोपी जाते. घालायचं ते शेवटच्या खळखळणीत, झाकणावरच्या खुणेइतकंच. साबणाच्या पाण्यात घातलंत तर दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि थेट कपड्यावर ओतलंत तर तेलकट डाग पडतात. तान्ह्या बाळाचे लंगोट, ओट्यावरची फडकी आणि मायक्रोफायबरचे कपडे यांना मात्र थेंबभरही लावू नका.