मंगळसूत्राच्या बिलाचा फोटो आणि मजुरीच्या रकान्यातली तफावत

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी पसंत केलेल्या मंगळसूत्राचे अंदाजपत्रक सराफांनी मोबाइलवर पाठवले, त्याचा, मंगळसूत्राचा आणि आगाऊ रकमेच्या पावतीचा फोटो जोडला आहे. ग्रॉस वजन २४.३६० ग्रॅम, नेट २२.११० ग्रॅम, २२ कॅरेट, भाव ₹९,०७५, मजुरी १४ टक्के, एकूण ₹२,३९,२१६. पन्नास हजार आगाऊ दिले आहेत. दुसऱ्या पेढीत मजुरी १० टक्के आणि घट ५ टक्के सांगतात. उरलेले पैसे देऊन हेच घ्यावे, की दुसरीकडे जावे?

उत्तर : मंगळसूत्र याच पेढीतून घ्यावे, पण या रकमेला नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदावरचेच वजन, भाव आणि मजुरीचा दर घेऊन हिशेब पुन्हा मांडला, तर रक्कम ₹२,३६,२७२ येते. म्हणजे अंदाजपत्रकात ₹२,९४४ जास्त लागले आहेत. हा फरक कोठून आला हे कागदावरूनच दाखवता येते, त्यामुळे सराफांशी बोलताना तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

बिलाचा फोटो तपासताना मी बेरजेपासून सुरुवात करत नाही. आधी आकडे नीट वाचले गेले आहेत ना, याची खात्री करतो. पुसट छपाईत ३ आणि ८ किंवा ० आणि ६ यांची गल्लत सहज होते आणि वजनात एका आकड्याचा फरक पडला तरी रक्कम हजारांनी बदलते. तुमच्या कागदावर ग्रॉस वजनातून मण्यांचे २.२५० ग्रॅम वजा दाखवले आहे. २४.३६० मधून ते वजा केले की २२.११० उरते, म्हणजे तिन्ही वजने एकमेकांशी जुळतात आणि वाचनात चूक नाही.

आता भाव. २२ कॅरेट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग शुद्ध सोने. दागिन्यावर हे 22K916 असे कोरलेले असते, म्हणजे हजारांत ९१६ भाग. अंदाजपत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात त्या दिवशीचा २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला ₹९,९०० छापलेला आहे. त्याला २२ ने गुणून २४ ने भागले की ₹९,०७५ येतात, तेव्हा लावलेला भाव २२ कॅरेटचाच आहे. ९१६ वरून काढला तर ₹९,०६८ येतो; एवढा फरक पेढ्यांमध्ये चालतो आणि त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. मात्र ग्रॅममागे शंभर-दोनशे रुपये जास्त दिसले असते, तर मी एकच प्रश्न विचारायला सांगितला असता : हा भाव जीएसटी धरून आहे की वगळून? फलकावरचा भाव जीएसटीसह असेल आणि बिलात खाली पुन्हा तीन टक्के लागले, तर ग्राहक तोच कर दोनदा भरतो. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोज ९९९, ९१६, ७५० अशा शुद्धतेनुसार जे भाव जाहीर करते ते कर वगळून असतात, त्यामुळे पडताळा घ्यायला ते सोयीचे पडतात. स्थानिक सराफ बाजाराचा भाव त्याहून थोडा वेगळा असू शकतो.

नेट वजन २२.११० ला ₹९,०७५ ने गुणले की सोन्याची किंमत ₹२,००,६४८ येते. कागदावरही हीच रक्कम आहे, म्हणजे सोने नेट वजनावरच धरले आहे. येथवर सर्व बरोबर आहे.

चूक मजुरीच्या रकान्यात आहे. सोन्याच्या किमतीवर १४ टक्के काढले तर ₹२८,०९१ होतात; कागदावर मात्र ₹३०,९४९ आहेत. ही रक्कम आली कशी, हे शोधण्यासाठी मी मजुरीला ०.१४ ने उलटे भागले. उत्तर ₹२,२१,०६७ आले आणि त्याला भावाने भागले की बरोबर २४.३६० ग्रॅम मिळतात. हे ग्रॉस वजन आहे. म्हणजे सोन्याचे पैसे नेट वजनावर घेतले आणि मजुरी मात्र काळ्या मण्यांसह पूर्ण वजनावर, तीही मण्यांना सोन्याचा भाव लावून. बिलात मण्यांचे ₹६०० वेगळे लावलेले आहेतच. हे मुद्दाम केले असेल असे मी म्हणणार नाही, संगणकातल्या हिशेबात मजुरी ग्रॉस वजनाला जोडलेली राहिली असेल, तर प्रत्येक मंगळसूत्राला असेच होत असेल. काही सराफ असेही सांगतात की मणी ओवण्याचे कामही मजुरीतच येते. ते मान्य केले तरी काचेच्या मण्याला सोन्याच्या भावाने मजुरी लावणे मला पटत नाही. ओवण्याची मजुरी हवी असेल, तर ती रुपयांत वेगळी लिहावी.

मजुरी दुरुस्त केल्यावर सोने, मजुरी आणि मणी मिळून ₹२,२९,३३९ होतात. त्यावर ३ टक्के जीएसटी ₹६,८८० येतो. दागिना विकताना सोन्यावर आणि मजुरीवर मिळून हाच एक दर लागतो, त्यामुळे मजुरीवर वेगळा पाच टक्के कर दाखवला असता, तर ती चूक ठरली असती. हॉलमार्किंगचे नगाला ₹४५ आणि त्यावरचा १८ टक्के कर मिळून ₹५३ लावले आहेत, ते योग्य आहे. या सर्वांची बेरीज ₹२,३६,२७२ होते.

फोटोवरून जे कळू शकत नाही, ते म्हणजे मण्यांचे खरे वजन. २.२५० ग्रॅम हा आकडा सराफांनी लिहिला म्हणून आपण धरला आहे. मण्यांचे वजन कमी दाखवले, तर तेवढी काच आपण सोन्याच्या भावाने घेतो. येथे ग्रॅमच्या दहाव्या भागाची चूकही मजुरी आणि कर धरून सुमारे ₹१,०६६ ला पडते. मणी तारेत गुंफलेले असल्याने ते काढून वजन करता येणार नाही, पण त्याच आकाराचे शंभर सुटे मणी काट्यावर ठेवायला सांगता येतात. तुमच्या फोटोत दोन्ही पदरांत मिळून मला सुमारे १३० मणी दिसतात. शंभर मण्यांचे वजन १.७ ग्रॅमच्या आसपास भरले, तर १३० चे २.२ ग्रॅम होतात आणि वजावट योग्य ठरते. शंभराचे वजन अडीच ग्रॅम भरले, तर १३० चे सव्वातीन होतात, आणि तेव्हा नेट वजन पुन्हा लिहून घ्यावे लागेल. पूर्ण मंगळसूत्रही तुमच्यासमोर तोलले गेले पाहिजे, काटा आधी शून्यावर आहे ना, हे पाहून.

शुद्धतेसाठी दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक भरला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. तेथे ‘मंगळसूत्रा’ऐवजी ‘अंगठी’ असे दिसले, तर पैसे देऊ नका. हॉलमार्क असूनही सोने कमी कसाचे निघाले, तर त्या वजनाच्या सोन्यातील शुद्धतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या २०१८ च्या नियमांत आहे, मात्र त्यासाठी पक्के बिल हातात हवे. त्या बिलावर नेट वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचे शुल्क वेगवेगळे लिहिलेले असणे बंधनकारक आहे. आज तुमच्याकडे आहे ते अंदाजपत्रक आहे, बिल नव्हे. त्यामुळे दुरुस्तीसाठी हीच वेळ सर्वांत सोपी आहे.

आता दुसरी पेढी. दहा टक्के मजुरी ऐकायला बरी वाटते, पण घडवताना सोने वाया जाते असे धरून घट म्हणून पाच टक्के वजन आधी वाढवले जाते आणि मजुरी बहुधा त्या वाढीव रकमेवर लागते. शंभर रुपयांच्या सोन्याचे घटीनंतर १०५ आणि मजुरीनंतर ११५.५० होतात. म्हणजे तेथील खरा आकार साडेपंधरा टक्के आहे, तुमच्या सराफांचा चौदा. याच वजनाला आणि याच भावाला तेथे जीएसटीसह सुमारे ₹३,१०० जास्त लागतील. दोन पेढ्यांची तुलना करायची असेल, तर टक्के बाजूला ठेवून शेवटच्या रकमेला नेट वजनाने भागावे. तुमच्या दुरुस्त हिशेबात ग्रॅमला ₹१०,६८६ पडतात, आणि हाच आकडा पेढीगणिक पडताळून पाहण्याजोगा आहे.

या आकड्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि आर्थिक सल्लागार म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढे कधी मोड घालायची वेळ आली, तर मजुरी, मणी आणि कर यांचे पैसे परत येत नाहीत, फक्त सोन्याचे येतात. दुरुस्तीनंतरही ₹३५,६२४ अशा खर्चात जातात. २२ कॅरेटचा भाव ₹९,०७५ वरून ₹१०,६८६ वर गेला, म्हणजे जवळजवळ अठरा टक्के वाढला, तरच तुमची रक्कम सुटते. मोडीत सराफाने दोन टक्के कापले, तर ₹१०,९०४ लागतील. मुलीने रोज घालायचे मंगळसूत्र म्हणून हा खर्च योग्य आहे आणि तो करताना मन खट्टू करू नये. पण लग्नखर्चाच्या वहीत ही रक्कम ‘बचत’ या सदराखाली लिहू नका. कलाकुसर कमी असलेले, नऊ-दहा टक्के मजुरीचे मंगळसूत्र पसंत पडत असेल, तर याच वजनाला आठ-दहा हजार रुपये वाचतील. ते मात्र तुमच्या मुलीने ठरवायचे आहे.

उद्या पेढीत गेल्यावर मजुरीच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. तुमच्या पन्नास हजारांच्या पावतीवर भाव लिहिलेला मला दिसत नाही. काही ठिकाणी आगाऊ रकमेपुरताच भाव बांधला जातो, म्हणजे येथे सुमारे साडेपाच ग्रॅमपुरता, आणि उरलेल्या वजनाला घेण्याच्या दिवशीचा भाव लागतो; काही ठिकाणी पूर्ण दागिन्याला जुनाच भाव मिळतो, तर काही ठिकाणी आगाऊ रक्कम केवळ जमा धरतात आणि सर्वच वजनाला नवा भाव लावतात. उद्या भाव ग्रॅमला ₹१२५ ने वाढला आणि पूर्ण वजनाला नवा भाव लागला, तर मजुरी आणि कर धरून ₹३,२४५ जास्त जातील, म्हणजे मजुरीची चूक दुरुस्त करून वाचलेले पैसे त्यातच संपतील. तेव्हा भाव कोणत्या दिवसाचा आणि किती वजनाला, हे पावतीच्या मागे सराफांच्या सहीनिशी लिहून घ्या आणि त्यानंतरच वजनाकडे वळा.