फोनवर ‘साठ’ की ‘आठ’?

ताई, श्रवणयंत्र लावून समोरच्याचं कळतं, पण फोनवर अडतं, यात निम्मा दोष फोनचा. साध्या कॉलवर जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झचा आवाज येतो आणि ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. त्यात ओठ-दात दिसत नाहीत. मग चादरीच्या ऑर्डरीत ‘साठ नग’चे ‘आठ नग’ होतात.

यंत्र कानामागचं असेल तर फोन कानाच्या भोकाशी नको, वर यंत्राच्या माईकपाशी धरा.

लेकीला दुसऱ्या खोलीतून फोन लावायला सांगा. दोघींकडे एकच यादी हवी: सात, आठ, साठ, पाच. आधी तिने क्रमाने वाचायचं, तुम्ही त्या-त्या आकड्यावर बोट ठेवायचं. मग उलटसुलट. दहात आठ बरोबर आले की ‘उद्या साठ चादरी पाठवा’ अशी वाक्यं घ्या, यादी न बघता. अनोळखी माणसाचा फोन सगळ्यात शेवटी; घाई करू नका बघा.

अडलं की नुसतं ‘काय?’ नको, लोक तेच ओरडून सांगतात. ‘सहावर शून्य, की नुसता आठ?’ असं विचारा.