पाठवण्याआधीची शेवटची तपासणी: कशानंतर काय

प्रश्न: उद्या दुपारी एक मोठा प्रस्ताव पाठवायचा आहे. चार वेळा वाचलाय, तरी धाकधूक आहे. नावं, आकडे, तारखा, जोडपत्रं, भाषा हे सगळं शेवटी कसं तपासता? क्रम सांगितलात तर बरं होईल.

पाचव्यांदा तसंच वाचू नका. आपणच लिहिलेला मजकूर वाचताना डोळे पुढे पळतात आणि तिथे काय असायला हवं ते मन आधीच भरून टाकतं. एका फेरीत एकच गोष्ट बघा आणि बाकीचं दिसलं तरी समासात खूण करून पुढे जा. क्रम मी असा ठेवते: आधी सूर, मग आकडे आणि तारखा, मग नावं, शेवटी जोडपत्रं. सूर आधी, कारण तो सुधारताना वाक्यं बदलतात आणि बदललेल्या वाक्यात नवी चूक शिरते. आकडे तपासून झाल्यावर परिच्छेद पुन्हा लिहायला घेतलात, तर ती तपासणी वाया गेली असं समजा.

सुरासाठी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य लांबलंय किंवा क्रियापद चुकलंय. दोन गोष्टी मी मुद्दाम शोधते. पहिली, दोषारोप. ‘आपण माहिती पाठवलीच नाही’ याऐवजी ‘ही माहिती आम्हाला अद्याप मिळालेली नाही’ असं लिहिलं तरी मुद्दा तोच राहतो, पण वाचणारा बचावात जात नाही. दुसरी, नकळत दिलेलं वचन. ‘सर्व’, ‘कायम’, ‘नक्की’, ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द शोधून प्रत्येकापाशी विचारा, हे आपण खरंच पाळू शकतो का? शिवाय एका पानावर ‘आपण’ आणि पुढच्यावर ‘तुम्ही’ असं होतं, विशेषतः दोघांनी मिळून लिहिलं असेल तर.

आता आकडे. इथे माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगते. मागच्या वर्षीच्या प्रस्तावावरून नवा तयार केला होता. तक्त्यात तीन बाबी होत्या: 1,24,000, 46,700 आणि 68,400. खाली एकूण 2,40,000. सहा जणांनी वाचलं, कुणालाच काही दिसलं नाही, कारण प्रत्येक आकडा आपापल्या जागी पटण्यासारखा होता. पाठवण्याच्या तासभर आधी मी बेरीज केली तर 2,39,100 आली. फरक 900. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर हिशेब ठेवणारी माणसं आधी शंका घेतात ती शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याची. मूळ हिशेबाच्या कागदावर 47,600 होतं, टाइप करताना 46,700 झालं होतं. एखादं शून्य गळलं किंवा वाढलं तरीही फरकाला 9 ने भाग जातो, म्हणून ही खूण फक्त कुठे बघायचं ते सांगते. खरा आकडा मूळ कागदावरच सापडतो.

तेव्हापासून बेरीज प्रस्तावात छापलेल्या आकड्यांवरूनच करते, एक्सेलमधल्या नाही. एक्सेल बरोबरच असतं, चूक तिथून इथे आणताना होते. तक्ता खालून वर वाचला तर अर्थाचा धागा तुटतो आणि नजर अंकांवर राहते. नंतर मुख्य रक्कम कुठे कुठे आली आहे ते मोजा. आमच्या त्या प्रस्तावात ती पाच ठिकाणी होती: सारांश, तक्ता, अक्षरी रक्कम, सोबतचं पत्र आणि ईमेलचा मजकूर. अक्षरी रकमेकडे विशेष लक्ष द्या. अंक आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरायची असा नियम अनेक ठिकाणी असतो.

तारखांची चूक त्याच प्रस्तावात सापडली. सादरीकरणाचा दिवस ‘शुक्रवार, 13 जून 2026’ लिहिला होता. 13 जून 2025 ला शुक्रवार होता, 2026 मध्ये त्या तारखेला शनिवार येतो. वर्ष बदललं, वार जुनाच राहिला. म्हणून प्रत्येक वार कॅलेंडर उघडून बघा. महिना अक्षरांत लिहा, कारण 03/04 कुणी 3 एप्रिल वाचेल, कुणी 4 मार्च. बारा महिन्यांचा कालावधी 1 जूनला सुरू झाला तर तो 31 मेला संपतो, पुढच्या 1 जूनला नाही. ‘90 दिवस वैध’ असं असेल तर कुठल्या तारखेपासून, हे त्याच वाक्यात हवं.

नावं आठवणीतून तपासू नका. समोरच्या व्यक्तीने स्वतः सही केलेलं पत्र किंवा ईमेल शेजारी ठेवा आणि तिथून अक्षर-अक्षर जुळवा. सुनिता की सुनीता, हे तीच ठरवते, व्याकरण नाही. मग जुन्या ग्राहकाचं नाव शोधा. मराठीत शोधताना एक अडचण येते: ‘वऱ्हाडे’ मधला ऱ्ह दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एक टाकून शोधलं तर दुसरा सापडेलच असं नाही. अशा नावाचा फक्त ‘हाडे’ एवढा तुकडा टाकून शोधा. चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता किंवा लोगो शोधात येत नाही, तो डोळ्यांनीच बघा. फाइलच्या गुणधर्मांतलं शीर्षकही बघा. पीडीएफ उघडल्यावर वरच्या पट्टीवर तेच दिसू शकतं, आणि जुन्या फाइलवरून काम केलं असेल तर तिथे जुन्याच ग्राहकाचं नाव असतं.

वर्डमध्ये काम करत असाल तर पीडीएफ करण्याआधी `Ctrl+A` आणि मग `F9` दाबा, म्हणजे अनुक्रमणिकेचे पान क्रमांक आणि ‘तक्ता 3 पाहा’ असे आपोआप येणारे संदर्भ ताजे होतात. हाताने टाइप केलेले बदलत नाहीत. बदलांच्या खुणा आणि शेरे नुसते लपवू नका. स्वीकारा किंवा काढून टाका.

जोडपत्रांसाठी ईमेलचा क्रम उलटा करा: आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता सर्वांत शेवटी भरा. चुकून बटण दाबलं गेलं तरी पत्र कुठेच जात नाही. मजकुरात ‘सोबत तीन जोडपत्रं’ असेल तर तीन मोजा. मग फोल्डरमधली नाही, ईमेलला जोडलेली फाइल तिथूनच उघडा आणि शेवटच्या पानापर्यंत जा. जुनी आवृत्ती जोडली गेल्याचं इथेच कळतं. तीच फाइल स्वतःला पाठवून फोनवर उघडा, जोडाक्षरं तुटली असतील तर दिसतील. एक्सेल पाठवत असाल तर लपवलेली पानं उघडून बघा, कारण समोरच्यालाही ती उघडता येतात.

या सगळ्यानंतर एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदला, पण तो पूर्ण परिच्छेद पुन्हा वाचा, पीडीएफ नव्याने करा, जुनी काढून नवी जोडा. माझ्या पाहण्यातल्या सर्वांत महाग चुका या शेवटच्या पाच मिनिटांतल्या ‘एवढंच बदलतो’ मधून आल्या आहेत.

पाठवल्यावर चूक सापडलीच, तर गुपचूप दुसरी फाइल पाठवू नका. पान क्रमांक, चुकलेला आकडा आणि बरोबर आकडा एका ओळीत लिहा, आधीची फाइल रद्द समजावी असं स्पष्ट सांगा, आणि नव्या फाइलच्या नावात ‘सुधारित’ व तारीख टाका.