पहिल्या सायकोसिसमागे मेंदूचा दाह असल्याची शंका कधी घ्यावी?

प्रश्न: मी नागपुरात मानसोपचाराची निवासी डॉक्टर आहे. पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या रुग्णात ऑटोइम्यून एन्सेफलायटिसच्या धोक्याच्या खुणा व्याख्यानात कशा मांडाव्यात?

उत्तर: लक्षणांची यादी वाचून दाखवण्याऐवजी ती कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने आली, हे एका रुग्णाच्या आधारे सांगावे. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसचा पुढील रुग्ण मी शिकवण्यासाठी रचलेला आहे.

काटोलकडची 20 वर्षांची मुलगी, पूर्वी कोणताही मानसिक आजार नाही. ताप आणि डोकेदुखी ओसरते न ओसरते तोच तिची झोप उडाली आणि शेजारी जेवणात काहीतरी कालवतात, असे ती म्हणू लागली. ‘बाहेरचं काही आहे’ म्हणून घरच्यांनी आधी देवदेवस्की केली, मग तिला दवाखान्यात आणले. हॅलोपेरिडॉल 5 मिलिग्रॅम दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी तिचे अंग ताठ झाले, ताप चढला, नाडी 130 वर गेली, बोलणे बंद झाले आणि ओठ व जीभ सतत चावल्यासारखी हलू लागली.

येथे न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असे निदान करून विचार थांबतो. औषध बंद करून सीके तपासणे योग्यच आहे, परंतु या एन्सेफलायटिसमध्ये अँटिसायकोटिक औषधे अनेकदा मुळातच सहन होत नाहीत, त्यामुळे ती प्रतिक्रिया हीच एक खूण ठरू शकते. अशा वेळी आईला विचारावे, की गोळी देण्याआधीच बोलणे कमी झाले होते का, एखादा झटका आला होता का, एकटक पाहत बसत होती का. उत्तर ‘हो’ आले, तर सगळा दोष औषधावर टाकता येत नाही. हे सारे तीन महिन्यांच्या आत घडलेले असणे, ही माझ्या मते सर्वांत मोलाची खूण आहे.

तपासणीत ईईजी लवकर करावा. त्यात मंद लहरी दिसल्या, तर निव्वळ मानसिक आजाराच्या निदानावर प्रश्नचिन्ह लागते. एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल येतो, म्हणून त्यावर निश्चिंत होऊ नये. पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट किंचित वाढलेल्या असू शकतात, आणि अँटिबॉडी रक्ताबरोबरच त्या पाण्यातही तपासावी लागते, कारण केवळ रक्ताचा अहवाल काही रुग्णांत निगेटिव्ह येतो. उलट, इतर कोणतीही खूण नसताना रक्तात सापडलेली अल्प प्रमाणातील अँटिबॉडी निदानास पुरेशी नसते.

हर्पिसचा पीसीआर येईपर्यंत ॲसायक्लोव्हिर द्यावे. संसर्गाची शक्यता मागे पडली आणि चित्र जुळत असले, तर अँटिबॉडीच्या अहवालासाठी न थांबता न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने मिथाइलप्रेडनिसोलोन, सहसा रोज 1 ग्रॅम पाच दिवस, सुरू करतात. तरुण स्त्रीमध्ये अंडाशयातील टेराटोमा शोधण्यासाठी पोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, कारण गाठ असल्यास ती काढणे हा उपचाराचाच भाग असतो.